बेबीलाइट्स करताना चुरचुरलं, तर समजा ब्लीच गळलंय

फॉइल लावता येतं, विणून बटा उचलता येतात, पावडर आणि डेव्हलपर काय असतं ते माहीत आहे, असं धरून लिहिते. सलूनमध्ये नुकतंच रंगाचं काम हातात आलेल्यांसाठी हे आहे. त्यातही काळ्या केसांवर अगदी बारीक बेबीलाइट्स आणि चेहऱ्याच्या कडेला हलकी उजळ बट, एवढ्याच कामाबद्दल बोलणार आहे. दिसायला हे सौम्य काम वाटतं. माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट चूक याच कामात झाली.

तेव्हा मला तिसरं वर्ष चालू होतं. अकोल्यातलं सलून, मे महिना, लग्नसराई. एक ताई आल्या. खांद्यापर्यंत केस, कधीही न रंगवलेले, जवळजवळ काळे. त्यांना कपाळाच्या दोन्ही बाजूंना थोडा उजाळा हवा होता. मी ३० व्हॉल्यूम घेतलं आणि सुरुवात समोरूनच केली, कारण तीच बट महत्त्वाची होती आणि तिला जास्त वेळ मिळावा असं मला वाटलं. मुळापर्यंत भरभरून लावलं. मग मागच्या बटा घेत बसले. मध्येच वीज गेली, एसी बंद पडला. पंधराएक मिनिटांनी ताई म्हणाल्या, "कपाळाशी चुरचुरतंय गं." मी म्हणाले, "थोडं चुरचुरणारच, ताई. ब्लीच आहे ना."

हे वाक्य मी माझ्या सीनियरकडून उचललं होतं. पूर्ण डोक्याचं ब्लीच करताना ते सगळ्यांना हेच सांगत. तिथे ब्लीच मुद्दाम टाळूवर लावलेलं असतं, त्यामुळे हलकी चुरचुर होऊ शकते. पण बेबीलाइट्समध्ये ब्लीच त्वचेला लागायलाच नको. ते फॉइलच्या आत, केसावर असतं. मग चुरचुर कुठून येईल? चुरचुरलं याचा अर्थ एकच: फॉइलमधून ब्लीच बाहेर आलंय आणि त्वचेवर बसलंय. हा फरक मला कोणी सांगितला नव्हता आणि मला स्वतःहून सुचला नाही.

आणखी पाच-सात मिनिटांनी मी पाहिलं तेव्हा केसांच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा लालबुंद झाला होता. तेव्हा त्यांनी सांगितलं की सकाळीच दुसऱ्या पार्लरमध्ये कपाळाचं थ्रेडिंग करून आल्या होत्या. मी विचारलंच नव्हतं. त्या जागी पाणी सुटून खपली धरली. त्या त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. जखम दहा-बारा दिवसांत भरली, पण काळपट डाग काही महिने राहिला. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर भाजल्यानंतर असा डाग बऱ्याचदा मागे राहतो. कडेचे काही केस मुळाशी तुटले. महिन्याला सेंटीमीटरभर या हिशेबाने ते वाढत गेले आणि तोवर त्या ताई कपाळावर ओढणी घेऊन फिरल्या. अकोल्यात माझी बदनामी झाली म्हणून मला वाईट वाटलं नाही. ओढणी पाहून वाटलं.

आता ते का झालं, ते नीट समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे.

फॉइलमध्ये बंद केलेलं ब्लीच जागेवर बसून राहत नाही. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो, मिश्रण फुगतं, आणि फुगलेलं मिश्रण जिथे जागा मिळेल तिथे सरकतं. फॉइलची घडी डोक्याला टेकलेली असते, तिथली फट सगळ्यात मोकळी. उष्णता वाढली की हे जोरात होतं. डोक्याची ऊब आहेच, वर मे महिना आणि बंद एसी. म्हणून लावताना जेवढं दिसतं तेवढंच राहील, असं कधीच धरू नका. मी आता मुळाशी अर्धा सेंटीमीटर जागा कोरी सोडते आणि तिथपर्यंतसुद्धा ब्रश रिकामा करत नेते. मधल्या लांबीवर भरपूर, मुळाकडे फक्त ब्रशला उरलेलं. नवीन मुलींना वाटतं की कोरी जागा काळी दिसेल. बट खरंच बारीक विणलेली असेल, म्हणजे एका वेळी जेमतेम पाच-सात केस उचलले असतील, तर ती जागा दिसत नाही. उलट वाढ आल्यावर रेघ पडत नाही. "बुडापासून हवं" असा हट्ट धरणारे सीनियर मला पटत नाहीत. तो हट्ट जाड पट्ट्यांच्या काळातला आहे.

दुसरं, मिश्रणाचा घट्टपणा. बऱ्याच डब्यांवर १:२ लिहिलेलं असतं आणि मागच्या फॉइलना ते ठीक आहे. कडेच्या बटांसाठी मी १:१.५ करते. ३० ग्रॅम पावडरला ४५ मिली डेव्हलपर. ब्रश उलटा धरला तर टांगलेल्या चक्क्यासारखं चिकटून राहायला हवं. ताकासारखं ओघळलं, तर ते कपाळावर येणार, यात शंकाच नको. फक्त तुमच्या कंपनीच्या डब्यावरची मर्यादा आधी वाचा, माझे आकडे सोडून तीच पाळा.

तिसरं, ताकद. कपाळाच्या कडेचे केस मागच्यांपेक्षा बारीक असतात. ते लवकर उजळतात आणि लवकर तुटतात. त्यांना ३० व्हॉल्यूम लागत नाही, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड पुरतं. आणि सगळ्यात शेवटी लावायचं. मागून पुढे या. मागच्या बटांना चाळीस मिनिटं लागली, तर कडेच्या बटा पंचवीसमध्ये त्याच रंगाला येतात. मी समोरून सुरुवात केली होती, म्हणजे जिथे सगळ्यात नाजूक केस आणि नाजूक त्वचा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ आणि जास्त ताकद.

घाबरून जाऊ नका. हे काम जपून केलं तर अजिबात त्रासाचं नाही. काळ्या केसांवर हलका उजाळा हवा असेल तर फार वर चढावंच लागत नाही. केस दोन-तीन लेव्हलचे असतील तर सहा-सातपर्यंत नेलं की बास. तिथे केशरी-तांबूस दिसतं, ते पाहून आणखी पाच मिनिटं ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. केशरीपणा टोनर मारतो: निळसर राख छटेचा, शेड नंबरात बिंदूनंतर १ असलेला, आणि केस खरोखर पिवळा झाला असेल तरच जांभळट. एक फॉइल उघडा, ओल्या कापसाने ब्लीच पुसा आणि खरा रंग बघा. ब्लीच अंगावर असताना केस फिका दिसतो आणि आपण फसतो. पुसलेला ओला केस हलकेच ताणूनही बघा. ताणून परत आला तर ठीक. रबरासारखा लांबत गेला, तर त्या क्षणी धुवा.

त्वचेच्या बचावासाठी मी फार काही महागडं वापरत नाही. पेट्रोलियम जेली इअरबडने, फक्त त्वचेवर, केस सुरू होतात त्या रेषेच्या किंचित खाली आणि कानाच्या वरच्या कडेला. केसाला लागली तर तेवढा भाग उजळत नाही आणि ठिपके पडतात. कडेच्या फॉइलखाली कोरड्या कापसाची वात. पण ती दर दहा मिनिटांनी बघायची. ब्लीच शोषलेली वात म्हणजे त्वचेवर ठेवलेलं ब्लीचच. ओली दिसली की बदला. घाम आला की जेली ओघळते, ती पुसून पुन्हा लावा. ड्रायरची गरम हवा कडेच्या फॉइलवर कधीच मारू नका, कितीही उशीर झाला तरी.

आधी विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत. दोन दिवसांत डोकं धुतलंय का, खाजवलंय का. धुतलं नसेल तर बरं, टाळूचं स्वतःचं तेल तेवढंच आड येतं. आदल्या रात्री थोडंसं खोबरेल चोळलं असेल तर चालतं, पण निथळणारं तेल असेल तर फॉइल घसरतं. मेहंदी, त्यातही काळी मेहंदी, कधी लावली होती. तिच्यात धातूचे क्षार असले तर पेरॉक्साइडसोबत केस तापू शकतात, म्हणून आधी कानामागची एक बट कापून मिश्रणात बुडवून बघते. मुरुमांसाठी रात्री लावायचं क्रीम चालू आहे का, कारण त्यातल्या काहींनी त्वचा नाजूक होते. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात: कपाळाचं थ्रेडिंग, वॅक्स, फेस ब्लीच कधी केलं. "ब्लीच केलंय का" एवढंच विचारू नका. समोरच्या ताई चेहऱ्याच्या ब्लीचचं उत्तर देतील आणि तुम्ही केसांचं समजाल. थ्रेडिंगनंतर मी चार दिवस थांबते, वॅक्सनंतर आठवडा.

आणि तरीही चुरचुर झालीच, तर गप्पा मारत बसू नका. ते फॉइल लगेच काढा, कोरड्या कापसाने ब्लीच टिपा, घासू नका, आणि साध्या थंड पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड आला, पाणी सुटलं किंवा डोळ्याजवळ गेलं तर डॉक्टर. अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर तीही थांबायची वेळ नाही. पावडरमधल्या पर्सल्फेटची ॲलर्जी असू शकते, तुम्हालासुद्धा. म्हणून मिश्रण खिडकीशी करा.

गेल्या डिसेंबरात एक मुलगी आली. भावाचं लग्न रविवारी, हळद शनिवारी. आठवडाभर आधी पॅच टेस्टला आली तेव्हा कपाळाला दोरा लागलेला नव्हता. मंगळवारी कामाला आली तेव्हा कडा लालसर चमकत होती. आदल्या दिवशी आईने थ्रेडिंगला पाठवलं होतं. ती रडवेली झाली, "ताई, फक्त समोरचंच तर हवंय." मी नाही म्हणाले. त्या दिवशी कपाळापासून इंचभर मागून सुरुवात केली, दोन्ही बाजूंना आठ-आठ बारीक फॉइल, सगळी वरच्या थराखाली. बेचाळीस मिनिटांत सातवर आलं. ७.१ चं टोनर १० व्हॉल्यूमसोबत, तेही त्वचेपासून दूर ठेवून, आठ मिनिटं. केस हलले की आतून मधासारखी चमक दिसत होती, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानेही चेहरा उजळला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ती पुन्हा आली. लाली गेली होती, बोट दाबलं तरी दुखत नव्हतं. समोर प्रत्येक बाजूला दोनच फॉइल, २० व्हॉल्यूम, घट्ट मिश्रण, जेली, वात. दर पाच मिनिटांनी मी विचारत होते, "चुरचुरतंय का?" तेविसाव्या मिनिटाला फॉइल उघडताना ती म्हणाली, "नाही हो ताई, कापूस कानाला गुदगुल्या करतोय फक्त."