उभा आरसा कुठे लावावा, म्हणजे रात्री दचकायला होणार नाही

‘पलंगासमोर आरसा नको’ हा सल्ला सगळेच देतात, पण त्यामागचं कारण कोणी सांगत नाही. मग लोक तो आरसा पलंगासमोरून काढून दारासमोर लावतात, आणि झोपताना दचकायचे ते आता खोलीत शिरताना दचकतात. ‘आरशाने खोली मोठी दिसते, समोरच्या भिंतीवर लावून टाका’ हा सल्ला तर मला मुळीच पटत नाही. खोली मोठी दिसायला आरसा आडवा असो की उभा, फारसा फरक पडत नाही. उभा आरसा माणसासाठी असतो. साडीच्या निऱ्या, पँटची लांबी, पाठीमागे वर राहिलेला कुर्ता नीट दिसावा एवढंच त्याचं काम. घरांच्या सजावटीची कामं करताना असे आरसे मी पुष्कळ लावले आहेत. त्यात नव्वद टक्के विचार जागेचा असतो आणि उरलेला ड्रिलचा.

माप आधी ठरवा

सपाट आरशात पूर्ण दिसायला तुमच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. मागे सरकलं म्हणजे जास्त दिसतं हा समज चुकीचा आहे. सरळ भिंतीला लागलेल्या आरशात तुम्ही दोन फुटांवर उभे राहा की आठ फुटांवर, शरीराचा तेवढाच भाग दिसतो. खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली हवी आणि वरची कड डोळे व डोक्याचा माथा यांच्या मध्यावर किंवा त्याहून वर. घरात सगळ्यात बुटकी व्यक्ती पाच फुटांची आणि सगळ्यात उंच पाच फूट दहा इंचांची असेल, तर 28 इंचांपासून 68 इंचांपर्यंतचा आरसा दोघांनाही पुरतो. म्हणून दीड बाय चार फुटांचा आरसा घ्या आणि खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा. साडेतीन फुटांच्या मुलालाही त्यात पोटऱ्यांपर्यंत दिसतं.

आता अवघड भाग: आरशासमोरचा पट्टा

मला उमगायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हाच टप्पा. इथे घाई करू नका.

माणूस आरशामुळे दचकत नाही, तर अचानक दिसलेल्या माणसाच्या आकारामुळे दचकतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून कोणीतरी हललं असं दिसतं, आणि ते आपणच आहोत हे कळायला एक क्षण जातो. तेव्हा खरा प्रश्न असा, की खोलीत कुठे कुठे उभं राहिल्यावर मी मला दिसते?

याचं उत्तर भूमितीत सरळ मिळतं. तुमचा स्वतःचा चेहरा फक्त तेव्हाच दिसतो, जेव्हा तुम्ही आरशाच्या अगदी समोर, त्याच्याशी काटकोनात असता. तिरकं उभं राहिलं की आरशात खोलीचा दुसरा कोपरा दिसतो, तुम्ही नाही. म्हणजे आरशाच्या दोन्ही उभ्या कडांपासून जमिनीवर समोरच्या भिंतीपर्यंत सरळ रेषा ओढल्या, की मधला पट्टा हीच तुमची ‘मी दिसते’ ची जागा. खांदे डोक्यापेक्षा रुंद असल्यामुळे चेहरा दिसायच्या आधी खांदा दिसू लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना चार-पाच इंच वाढवून धरा. दीड फुटांच्या आरशाचा पट्टा असा साधारण सव्वादोन फुटांचा होतो. तो लांब गेला म्हणून रुंद होत नाही आणि अरुंदही होत नाही, समोरच्या भिंतीपर्यंत तसाच जातो.

हा पट्टा कुठे पडू नये ते नीट ऐका. तो उशीवर पडू नये. दाराच्या उंबऱ्यावर पडू नये. रात्री पलंगावरून उठून बाथरूमकडे जायच्या वाटेवर लांबवर पडू नये. आणि तो जिथे पडेल तिथे तुम्हाला कपडे करायला दोन-अडीच फूट मोकळी जागा हवी.

करायचं असं. आरशाच्या मापाचं वर्तमानपत्र कापून भिंतीला चिकटपट्टीने लावा. जमिनीवर पट्ट्याच्या दोन कडा खडूने किंवा रंगीत चिकटपट्टीने आखा. काटकोन मोजत बसू नका, फरशीच्या टाइल्सचे सांधे बहुतेक घरांत भिंतीशी काटकोनात असतात, त्यांना धरून रेष ओढा. मग एकाने छोटा हातआरसा त्या कागदावर सपाट टेकवून चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये फिरवायचा. हातआरसा जरासुद्धा कलता धरू नका, नाहीतर सगळी तपासणी फुकट जाते. दुसऱ्याने उशीवर डोकं ठेवून, मग उठून बसून, मग दारातून आत येऊन काय दिसतं ते सांगायचं. मुख्य दार उघडं ठेवून जिन्याच्या बाजूनेही एकदा पाहा. शेजाऱ्यांना पलंग दिसत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

आरसा थोडा वर लावला तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालत. उशीवरचा डोळा जमिनीपासून 26 इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे आडवे असताना कदाचित सुटका होईल, पण उठून बसलात की डोळा चार फुटांवर येतो आणि आरशाच्या मधोमध चेहरा दिसतो. पट्टा बाजूलाच सरकवावा लागतो.

एक खरी खोली

डोंबिवलीतली अकरा बाय दहाची बेडरूम. पलंगाचं डोकं अकरा फुटांच्या भिंतीला, पायांशी साडेतीन फूट जागा आणि त्या बाजूच्या भिंतीत खिडकी. दार डावीकडच्या भिंतीत, खिडकीच्या टोकाला. पलंग उजवीकडे सरकवलेला, त्यामुळे दाराच्या भिंतीपासून पलंगापर्यंत पाच फूट मोकळे.

घरच्यांना आरसा दारासमोरच्या उजव्या भिंतीवर हवा होता, आत येताच दिसावा म्हणून. कागद लावून पाहिला तेव्हा पट्टा थेट उंबऱ्यावर आला. रात्री उजेडाच्या पॅसेजमधून अंधाऱ्या खोलीत शिरलं की समोरून काळी आकृती चालत येते. दुसरी सूचना पायांकडच्या भिंतीची, खिडकीच्या बाजूला. तिथून पट्टा उशीवर.

शेवटी आरसा दाराच्याच भिंतीवर लावला, दाराच्या बाजूला, डोक्याकडच्या भिंतीपासून पाच फुटांवर त्याचा मध्य. दाराच्याच भिंतीवर असल्यामुळे आत येणाऱ्याला तो दिसतच नाही, तो मागे राहतो. पट्टा पलंगावर पडतो, पण नडग्यांवर. उशा पट्ट्याच्या मध्यापासून चार फूट बाजूला राहतात. खिडकी बाजूने येते, म्हणून उजेड अंगावर पडतो. दाराची फळी खिडकीच्या बाजूला उघडत होती हे नशीब. उलटी उघडत असती तर उघड्या दाराने आरसा झाकला असता. तुमच्याकडे हे आधी बघा.

एक गोष्ट मात्र रात्रीच्या तपासणीत निघाली. उशीवरून आरशात खिडकी दिसत होती, आणि खालून गाडी वळली की हेडलाइटचा झोत आरशात सरकत होता. यासाठी आरसा हलवायची गरज नव्हती, जाड पडदा लावून काम झालं. पण म्हणूनच ही तपासणी दिवसा करून थांबू नका. रात्री जेवढे दिवे चालू असतात तेवढेच ठेवून पुन्हा करा.

पॅसेज

पॅसेजच्या टोकाच्या भिंतीवर आरसा कधीही लावू नका. तिथे अख्खा पॅसेज पट्ट्यात येतो आणि प्रत्येक फेरीत समोरून कोणीतरी येत राहतं. लांब भिंतीवर लावा. तीन फुटांचा पॅसेज पुरेसा आहे, कारण पूर्ण दिसायला अंतर लागत नाही हे वर आलंच आहे. फक्त समोर बाथरूमचं किंवा बेडरूमचं दार नको.

उजेड

उजेड आरशावर नको, माणसावर हवा. दिवा आरशाच्या वर किंवा दोन्ही बाजूंना असावा. पाठीमागे खिडकी किंवा दिवा असेल तर चेहरा काळा दिसतो, आणि काळ्या आकृतीलाच आपण घाबरतो. झिरोचा बल्ब पाठीमागे असणं सगळ्यात वाईट. 2010 मध्ये इटलीतले मानसशास्त्रज्ञ जिओव्हानी कापुतो यांनी लोकांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात टक लावून बघायला लावलं, तेव्हा अनेकांना स्वतःचाच चेहरा बदललेला, परका भासला. ते टक लावून बघण्याबद्दल आहे, दचकण्याबद्दल नाही, पण मंद उजेडात चेहरा ओळखणं डोळ्यांना किती जड जातं ते त्यातून कळतं. रात्रीचा दिवा हवाच असेल तर पायाजवळ, वाटेच्या कडेला लावा.

वास्तूचं म्हणाल, तर आरसा उशीसमोर नको हे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं वरच्या हिशोबाशी जुळतं, त्यावर वाद घालू नका. उत्तर की पूर्व भिंत यापेक्षा मात्र खिडकी कुठे आहे हे मी आधी बघते.

भिंतीला टेकवून ठेवायचा मोह

हे मला अजिबात आवडत नाही. चार फुटांचा आरसा तळाशी चार इंच पुढे ओढून टेकवला की तो पाच अंशांनी कलतो, आणि आरशातून परतणारी नजर त्याच्या दुप्पट, दहा अंशांनी वर जाते. दहा फुटांवर हा फरक पावणेदोन फुटांचा होतो. पलंगावर पडलेल्याला मग आरशात फिरता पंखा दिसू शकतो, रात्रभर. शिवाय गुळगुळीत फरशीवर तळ घसरतो. लहान मूल असलेल्या घरात तर नकोच.

बसवणं

5 मिलिमीटर काचेचा दीड बाय चारचा आरसा सात किलोच्या आसपास भरतो. प्लायवर न्यूट्रल सिलिकॉनने चिकटवा, तळाला क्लिप द्या आणि प्लाय स्क्रूने भिंतीला पक्का करा. आंबट वास येणारं सिलिकॉन मागचा चकाकीचा थर खातं. बाथरूमच्या ओल्या भिंतीवर लावू नका, कडांना काळे डाग येतात.

कपाटाचा आरसा

लोखंडी कपाटाच्या दाराला आरसा असेल तर जागा बदलता येत नाही, पण दार बदलतं. दार पंधरा अंश उघडं राहिलं की आरशातलं दृश्य तीस अंशांनी वळतं, आणि दिवसा पलंगावरून न दिसणारा आरसा रात्री उशीकडे तोंड करतो. म्हणून त्या दाराला चांगलं मॅग्नेट बसवा, बंद म्हणजे पूर्ण बंद. बंद असतानाही पट्टा उशीवर येत असेल आणि कपाट हलत नसेल, तर दाराच्या वरच्या कडेला पातळ स्प्रिंग रॉड लावून जाड, साध्या रंगाचा पडदा सोडा. नक्षीचा कपडा नको, झुळझुळीतही नको. पंख्याच्या वाऱ्याने तो हलला तर पुन्हा तोच प्रश्न, म्हणून खालच्या शिवणीत वजनाची दोरी ओवून घ्या.