‘हॉटेल कॅलिफोर्निया’तली ती ओळ समजून घेताना या चुका टाळा

ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ डिसेंबर १९७६ मध्ये त्याच नावाच्या अल्बममधून आलं. आपल्याकडे गिटार शिकणारी बरीच मुलं ते वाजवतात, पण शब्दांपाशी अडखळतात. सगळ्यात जास्त चुका होतात त्या कॅप्टनच्या उत्तरापाशी. पाहुणा कॅप्टनला बोलावतो आणि माझी वाइन आणा म्हणतो. कॅप्टन सांगतो, ‘वी हॅवन्ट हॅड दॅट स्पिरिट हिअर सिन्स नाइन्टीन सिक्स्टी नाइन.’

पहिली चूक कॅप्टनचीच. जहाजाचा किंवा लष्करातला कॅप्टन डोळ्यांसमोर आणला की पुढचं सगळं भरकटतं. हा हॉटेलातला कॅप्टन आहे, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा, ऑर्डर घेणारा माणूस. मुंबई-पुण्याच्या रेस्टॉरंटमध्येही त्याला कॅप्टनच म्हणतात, त्यामुळे खरं तर हा शब्द आपल्याला सोपा जायला हवा. वाइन मागितली जाते ती त्याच्याकडेच, एवढ्या खुणेवरून अर्थ पक्का होतो.

दुसरी चूक जास्त हुशार माणसं करतात. वाइन आंबवून बनते आणि तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. स्पिरिट म्हणजे ऊर्ध्वपातन केलेली दारू, व्हिस्की किंवा रमसारखी, सहसा ४० टक्क्यांच्या आसपासची. मग वाइनला स्पिरिट कसं म्हटलं? गीतकाराला दारूतलं कळत नाही, असा निष्कर्ष काढून ते थांबतात. हीच शंका २००९ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने गाण्याच्या गीतकारांपैकी एक असलेल्या डॉन हेन्ली यांना विचारली होती. दारू कशी बनते हे मला ठाऊक आहे, या ओळीचा दारूशी फारसा संबंध नाही, ते सामाजिक-राजकीय विधान आहे, अशा आशयाचं उत्तर हेन्लींनी दिलं.

म्हणजे विसंगती मुद्दाम ठेवलेली आहे. गाण्यात एखादा तपशील ढोबळपणे चुकलेला वाटला, तर आधी त्या शब्दाला दुसरा अर्थ आहे का ते पाहावं. स्पिरिट म्हणजे वृत्ती, काळाची ऊर्मी. मग शेजारचा आकडा तपासावा, कारण रूपकाची किल्ली इथे सालात आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकचा संगीतमहोत्सव झाला, लाखो तरुण जमले आणि तो शांततेत पार पडला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँटच्या मोफत मैफलीत प्रेक्षकांतला एक तरुण भोसकला जाऊन मरण पावला. साठच्या दशकातलं स्वप्न तिथे संपलं, असं त्या पिढीतले अनेक जण मानतात. गाणं लिहिलं गेलं तोवर रॉक संगीतात पैसा आणि चैन शिरली होती. कॅप्टनच्या तोंडून ते स्वप्न संपल्याचं बोललं जातं, तेही दारू शिल्लक नाही अशा रुक्ष भाषेत. म्हणूनच ओळ टोचते.

भाषांतरात इथे आणखी एक फसगत होते. ‘१९६९ पासून आमच्याकडे ते स्पिरिट नाही’ असं लिहिलं, तर त्या वर्षी ते होतं की नव्हतं हे मराठीत कळत नाही. इंग्रजी वाक्यात ते १९६९ मध्ये शेवटचं होतं. म्हणून ‘नंतर’ वापरावं. स्पिरिटसाठी ‘जोश’ घेतला तर दारू जाते, ‘मद्य’ घेतलं तर काळ जातो. ‘तसली नशा आमच्याकडे १९६९ नंतर आलेली नाही’ यात दोन्ही बाजू बऱ्याच टिकतात. नशेत आदर्शवाद नाही, थोडी बदनामी आहे, ही उणीव राहतेच. तरी गाण्याच्या रोखाला ती विशोभित नाही.

बोलीतल्या शब्दाची अडचण निराळी असते. सुरुवातीच्याच ओळींत रस्त्यावर ‘कोलीतास’चा ऊबदार वास येतो. हा इंग्रजी शब्दच नाही. इंग्रजी शब्दकोशात शोधणाऱ्याला जवळचा शब्द म्हणून आतड्यांच्या विकाराचं नाव सापडतं आणि ओळ हास्यास्पद होते. कॅलिफोर्नियाचा मेक्सिकोशी शेजार लक्षात घेऊन स्पॅनिशकडे वळावं. ‘कोला’ म्हणजे शेपूट, ‘कोलीता’ म्हणजे छोटी शेपटी, आणि मेक्सिकन बोलीत गांजाच्या झाडाच्या शेंड्यावरच्या फुलोऱ्याला हे अनेकवचन लावतात. बँडचे तेव्हाचे गिटारवादक डॉन फेल्डर यांनी मात्र वाळवंटात रात्री फुलणारी, उग्र वासाची वनस्पती असा अर्थ सांगितला आहे. दोन्ही अर्थांत वास आहे, वाळवंटातली रात्र आहे आणि प्रवाशाचं डोकं जड होणं आहे. त्यामुळे थेट ‘गांजा’ लिहून एक अर्थ बंद करू नये. मराठीत ‘कोलीतास’ तसाच ठेवावा आणि तळटीपेत दोन्ही अर्थ द्यावेत.