हृदयविफलतेत क्रिएटिन: डबा उघडण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाकडे काय घेऊन जावे

हृदय पुनर्वसनाच्या व्यायामवर्गात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना क्रिएटिन, म्हणजे स्नायूंच्या जोरासाठी घेतली जाणारी पूड, हृदयविफलतेत घ्यावी का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्यावर बाहेर मिळणारी दोन्ही उत्तरे मला सारखीच निरुपयोगी वाटतात. एक म्हणते, ‘हृदयाला ताकद मिळते, खुशाल घ्या’ आणि दुसरे म्हणते, ‘मूत्रपिंडे निकामी होतात, हातही लावू नका’. घ्यायचे की नाही, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच आहे. तो त्यांना नीट घेता यावा यासाठी रुग्णाने काय करावे, एवढेच येथे सांगतो.

आधी अपेक्षा ठरवा

दुबळ्या हृदयाच्या पेशींत क्रिएटिनचा साठा कमी झालेला असतो, हे खरे आहे. परंतु हृदय ते स्वतः तयार करत नाही; रक्तातून आत ओढून घेते आणि हृदयविफलतेत ही ओढून घेण्याची यंत्रणाच मंदावलेली असते. त्यामुळे तोंडावाटे घेतलेली पूड हृदयात फारशी पोहोचत नाही, ती मुख्यतः हातापायांच्या स्नायूंत साठते. 1995 साली स्वीडनमध्ये 17 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले: रोज 20 ग्रॅम क्रिएटिन 10 दिवस दिल्यावर पायांच्या स्नायूंची कामगिरी सुधारली, मात्र हृदयाचे पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, होते तेवढेच राहिले. पुढे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 70 हृदयरुग्णांनी तीन महिने पुनर्वसनाचा व्यायाम केला आणि त्यांच्यापैकी काहींना जोडीला क्रिएटिन देण्यात आले. व्यायामाने जे मिळाले त्यात क्रिएटिनने भर घातली नाही. अभ्यास लहान आहेत, त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तेव्हा ‘पायांत थोडा जोर येईल का’ हा प्रश्न रास्त आहे, ‘हृदय सुधारेल का’ हा नाही.

मूळ नोंदी

सलग 14 दिवस सकाळचे वजन लिहा. लघवीनंतर, नाश्त्यापूर्वी, त्याच काट्यावर. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन व ईजीएफआर हे आकडे आणि पोटॅशियम यांचा ताजा अहवाल व सर्व गोळ्यांची मात्रेसह यादी बरोबर ठेवा. नुकतेच रुग्णालयातून घरी आला असाल किंवा गेल्या काही आठवड्यांत गोळ्यांची मात्रा बदलली असेल, तर हा विषय पुढे ढकला.

वजन आणि क्रिएटिनिन: माझी चूक झाली ती जागा

हृदयविफलतेच्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी डॉक्टर दोन आकड्यांवर फार विसंबतात: घरचे वजन आणि रक्तातील क्रिएटिनिन. क्रिएटिन नेमके या दोघांनाच हलवते.

वजनापासून सुरुवात करतो. क्रिएटिन स्नायूंच्या पेशींत शिरताना आपल्याबरोबर पाणी घेऊन जाते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात, विशेषतः रोज 20 ग्रॅमची सुरुवातीची मोठी मात्रा घेतल्यास, वजन एक-दोन किलोने वाढू शकते. इकडे हृदयविफलतेच्या रुग्णाला सांगितलेले असते की तीन दिवसांत सुमारे दोन किलो वाढले तर लगेच कळवावे, कारण शरीरात पाणी साचू लागल्याची ती पहिली खूण असते. पाणी दोन्हीकडे तेच आणि काट्यावरचा आकडाही तोच.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका गृहस्थांचे वजन चार दिवसांत दोन किलो वाढले. त्यांनी हसत सांगितले की पूड सुरू केली आहे, तिचेच हे वजन. मला ते पटले आणि मी त्यांना व्यायाम करू दिला. दुसऱ्या रात्री त्यांना आडवे झोपवेना, तीन उशांवर बसून रात्र काढावी लागली आणि सकाळी शिरेतून औषध देऊन पाणी काढावे लागले. पुडीने खरोखर किती वजन वाढवले होते, हे मला आजही सांगता येणार नाही. तिने मला एक सोयीस्कर स्पष्टीकरण पुरवले, हेच घातक ठरले. पेशींतल्या पाण्याने घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा पडत नाही आणि धापही लागत नाही, हे खरे. पण साचणाऱ्या पाण्याची सुरुवात पुष्कळदा फक्त वजनानेच होते, म्हणून घरच्या घरी हा फरक करू पाहू नका. वजनाची मर्यादा ओलांडली की त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा, पूड घेत असलात तरीही. घोटे सुजले, आडवे झोपवेना किंवा धाप लागली, तर वजनाची वाट पाहू नका.

आता क्रिएटिनिन. शरीरातल्या क्रिएटिनचा दोनेक टक्क्यांच्या आतला भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, म्हणून साठा वाढला की हा आकडाही, मूत्रपिंडे ठणठणीत असली तरी, थोडा वर सरकतो. वर्गातील 66 वर्षांच्या एका रुग्णाचे क्रिएटिनिन 1.2 होते, डॉक्टरांच्या संमतीने रोज 3 ग्रॅम सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी ते 1.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले. सूत्रानुसार काढलेला ईजीएफआर त्यामुळे 67 वरून 55 वर आला. पूड घेतल्याचे डॉक्टरांना ठाऊक नसते, तर मूत्रपिंडे थकत चालली आहेत असे समजून त्यांनी स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयविफलतेची गोळी कमी केली असती, आणि या गोळीने रुग्णाचे आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले आहे. ठाऊक असल्यामुळे त्यांनी सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडांचीच दुसरी तपासणी करवली, जिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. ती पूर्वीइतकीच आली आणि गोळी चालू राहिली. उलट बाजूही विसरू नये: हृदयविफलतेत मूत्रपिंडे खरोखरच बिघडतात, तेव्हा वाढलेला प्रत्येक आकडा पुडीच्या माथी मारता येत नाही. तपासणीच्या आधी दोन दिवस पूड बंद करून अहवाल ‘स्वच्छ’ आणण्याचा सल्ला ऐकू नका. स्नायूंतला साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही फक्त डॉक्टरांपासून माहिती लपवता.

डॉक्टरांसमोर

‘घेऊ का?’ एवढेच विचारलेत तर ‘नको’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी चार गोष्टी विचारा: माझ्या मूत्रपिंडांच्या आजच्या स्थितीत हे चालेल का, वजनाची कोणती मर्यादा मी पाळावी, रक्ततपासणी केव्हा करावी आणि सिस्टॅटिन सीचा मूळ आकडा आधीच काढून ठेवावा का. उत्तर नकारार्थी आले तर तेथेच थांबा.

होकार मिळाला, तरी मोठ्या मात्रेने सुरुवात करण्याला माझा ठाम विरोध आहे. 1996 सालच्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांच्या स्नायूंत रोज 20 ग्रॅम सहा दिवस घेऊन जेवढा साठा झाला, जवळपास तेवढाच रोज 3 ग्रॅम 28 दिवस घेऊन झाला. घाईची किंमत म्हणून वजनाची नोंद गढूळ करून घेण्यात काय अर्थ आहे? पूड साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटची असावी; व्यायामापूर्वी घ्यायच्या मिश्रणांत कॅफिनसारखी उत्तेजक द्रव्ये असतात आणि ती हृदयाची लय बिघडवू शकतात.

थांबायचे केव्हा

सुरू करतानाच मुदत आणि मोजमाप ठरवा. आम्ही 30 सेकंदांत हातांचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे मोजतो. त्या 66 वर्षांच्या गृहस्थांना सुरुवातीला 9 वेळा जमत असे आणि 12 आठवड्यांनी 11 वेळा जमू लागले. वर्गात पूड न घेणाऱ्यांचीही प्रगती साधारण तेवढीच होती. त्यांनी डॉक्टरांशी बोलून पूड बंद केली, व्यायाम चालू ठेवला आणि दोन महिन्यांनी त्यांचे क्रिएटिनिन पुन्हा 1.2 आले.