सीएमव्ही : गोळी थांबली, धोका थांबला नाही

किडनी ट्रान्सप्लांटनंतर सीएमव्ही रोखणारी व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी बंद झाली की घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. गोळी महाग, त्यामुळे आनंद समजू शकतो. पण सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आधीपासून दबा धरून असतो. प्रतिबंधक औषध दिलं नाही, तर तो साधारण पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात उसळतो. औषध दिलं, तर ही वेळ बऱ्याचदा पुढे सरकते. गोळी थांबल्यानंतरचे तीन-चार महिने खरे धोक्याचे, आणि नेमकं तेव्हाच सगळे रक्त तपासणं सोडतात.

डोंबिवलीचे एक काका असेच आले होते. ट्रान्सप्लांटच्या वेळी एटीजी हे प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं औषध मिळालेलं, तीन महिने गोळी झालेली. ती थांबून दीड महिना झाल्यावर बारीक ताप आणि जुलाब सुरू झाले. जवळच्या डॉक्टरांनी ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणत अँटिबायोटिक दिलं. पांढऱ्या पेशी २,४०० वर आल्या होत्या, पण रिपोर्ट कुणी नीट पाहिलाच नाही. आमच्याकडे रक्तातला व्हायरस मोजणारी पीसीआर केली, तर व्हायरस अगदी थोडा. इथेच लोक फसतात. आतड्यातला सीएमव्ही रक्तात थोडाच दिसतो, कधी दिसतही नाही. कोलोनोस्कोपी करून बायोप्सी घेतली, तेव्हा निदान पक्कं झालं.

कमी पेशी पाहून काकांच्या मुलाने विचारलं, “आता गोळी सुरू करताना अर्धीच द्यायची का?” मला सगळ्यात जास्त चीड याच शॉर्टकटची येते. डोस पेशींवर नाही, किडनीच्या कामावर ठरतो. किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा क्रिएटिनिन क्लिअरन्स ६० किंवा वर असेल तर प्रतिबंधासाठी दिवसाला ९०० मिलिग्रॅम, उपचारासाठी तेवढंच दोनदा. ४० ते ५९ असेल तर दोन्हींत निम्मं. किडनीच्या कामावरून ठरलेल्या डोसपेक्षा कमी दिलं तर व्हायरस मरत नाही, औषधाला सरावतो. पेशी पडल्या तर मी आधी मायकोफेनोलेटकडे, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेल्या औषधाकडे बघतो, तेही रिजेक्शनचा धोका तोलून. काकांचं तेच कमी केलं, याच गोळीचं इंजेक्शनातलं रूप असलेलं गॅनसायक्लोव्हिर शिरेतून पूर्ण डोसने दिलं, मग गोळीवर आणलं.

उपचार चालू असताना दर आठवड्याला पीसीआर, तीही एकाच लॅबमधून. व्हायरसचा आकडा ८०० चा १,९०० झाला म्हणून घाबरू नका. तिपटीच्या आतला फरक मशीनचाही असू शकतो.

सीएमव्हीच्या अँटिबॉडी तपासणीत डोनर पॉझिटिव्ह आणि पेशंट निगेटिव्ह असेल तर किडनीसाठी सहा महिने गोळी. तीन महिन्यांवर हट्ट करू नका.

गोळीऐवजी नुसती पीसीआर करत राहायचं आणि व्हायरस दिसला की औषध सुरू करायचं, हाही मार्ग चांगलाच आहे. पण त्यात पहिले तीन महिने दर आठवड्याला न चुकता रक्त द्यावं लागतं. पावसाळ्यात लोकल बंद पडली की दोन आठवडे गायब होणाऱ्या पेशंटला मी हा मार्ग देत नाही.