मार्चएंडच्या आधी डॉलरवाल्या धंद्याची तयारी: हळदीच्या एका कंटेनरवरून

मामाची वसमतला हळदीची छोटी ट्रेडिंग कंपनी आहे, मोंढ्यातून कांडी घ्यायची, पॉलिश करायची, बारदान्यात भरून न्हावाशेवाला पाठवायची, आणि दुबईत एक नावापुरती कंपनी, दोन माणसं आणि एक गोदाम. हिशोब मी बघतो. दरवर्षी मार्च आला की मामाचा एकच प्रश्न, "कामून रे, डॉलरनं आपलं किती बुडालं?" आणि दरवर्षी मी सांगतो की मामा, हा एक प्रश्न नाही, तीन आहेत, आणि तिन्हीची तयारी वेगळी. म्हणून यंदा लिहूनच काढतोय, ज्यांचा असा धंदा आहे त्यांनाही कामाला येईल.

सगळ्यात आधी ऑर्डरची फाईल काढा, बिलाची नाही, ऑर्डरची. प्रत्येक ऑर्डरवर तीन तारखा आणि त्या दिवशीचे डॉलरचे रेट लिहा: भाव दिला तो दिवस, माल जहाजावर चढला तो दिवस, पैसे खात्यात आले तो दिवस. पहिली तारीख बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि तिथंच गडबड होते, कारण जोखीम बिल फाडल्यावर नाही, भाव कबूल केल्यावर सुरू होते. याला ट्रान्झॅक्शन एक्सपोजर म्हणतात, ठरलेले पण अजून हातात न आलेले डॉलर.

2025चंच घ्या. फेब्रुवारीच्या शेवटी डॉलर साडेसत्याऐंशीच्या आसपास होता. समजा तेव्हा 18 टनांचा कंटेनर टनाला 2000 डॉलरनं कबूल केला, म्हणजे 36,000 डॉलर, म्हणजे साडेएकतीस लाख. (हळदीचे आकडे हिशोबाला सोपे धरलेत.) मोंढ्यातली खरेदी, पॉलिश, बारदाना, भाडं सगळं धरून खर्च 30 लाख 20 हजार. सुटतात 1 लाख 30 हजार. माल मार्चच्या मध्यात चढला, तेव्हा रेट 86.80च्या आसपास. पंचेचाळीस दिवसांची उधारी होती, मेच्या सुरुवातीला पैसे आले तेव्हा डॉलर 84वर आलेला. खात्यात 30 लाख 24 हजार. उरले किती? चार हजार. गिऱ्हाईकानं पैसे वेळेवर दिले, मालात खोट नाही, तरी नफा गेला.

आणि गंमत बघा, वह्यांमध्ये हे सगळं नुकसान दिसतच नाही. विक्रीची नोंद माल चढला त्या दिवसाच्या रेटनं होते, त्यामुळे भाव दिल्यापासून चढेपर्यंत गेलेले 25,200 'विक्री थोडी कमी झाली' म्हणून गुपचूप बसतात, आणि फॉरेक्स लॉसच्या खात्यात फक्त त्यानंतरचे 1 लाख 800 येतात. तेही दोन वर्षांत तुकडे होऊन, कारण 31 मार्चला येणं बाकी असलेलं बिल त्या दिवसाच्या रेटनं परत मांडावं लागतं. बरेच जण या 31 मार्चच्या मांडणीलाच ट्रान्सलेशन म्हणतात, म्हणजे परदेशातल्या कंपनीचा ताळेबंद रुपयात मांडताना पडणारा फरक. ते चूक आहे, बिल तुमचंच, पैसे येणार आहेत, हे ट्रान्झॅक्शनच.

यावर काय तयार ठेवायचं तर बँकेतली फॉरवर्डची लिमिट, आणि ती ऑर्डर यायच्या आधीच, कारण भाव दिल्यावर लिमिटसाठी नांदेडच्या चकरा मारत बसलात तर तोवर रेट कुठच्या कुठं जातो. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेचा रेट आजच बांधून घेणं. पण गिऱ्हाईकानं ऑर्डर मोडली तर बँक फरक तुमच्याकडून घेते, म्हणून जुन्या गिऱ्हाईकाचं जवळजवळ सगळं बांधा, नव्याचं अर्धं. आणि बँक कुठला रेट लावते तेही बघा. काउंटरवरचा कार्ड रेट बाजाराच्या रेटपेक्षा 50 पैशांनी वाईट असला तर याच कंटेनरवर 18,000 गेले. एफएक्स-रिटेल म्हणून सोय 2019पासून आहे, त्यात छोट्या माणसालाही बाजाराचा रेट स्क्रीनवर दिसतो, व्यवहार होतो बँकेमार्फतच. आम्हाला हे कळायला लई उशीर झाला, आणि आमच्या बँकेनं आपणहून कधी सांगितलं नाही.

दुसरी फाईल दुबईची, ही सोपी आहे, लवकर उरकते. तिथल्या कंपनीचा 31 मार्चचा ताळेबंद मागवा, दिरहममध्ये. मालमत्तेतून देणी वजा करून जे उरतं ते महत्त्वाचं. दिरहम 1997पासून डॉलरला 3.6725वर बांधलेला आहे, त्यामुळे दिरहमचं वेगळं टेन्शन नाही, डॉलर-रुपया हलला तेवढाच तो हलतो. समजा तिथं निव्वळ 4 लाख दिरहम आहेत. मार्च 2024च्या रेटनं ते साधारण 90 लाख 80 हजार, मार्च 2025च्या रेटनं 93 लाख 10 हजार. सव्वादोन लाखांच्या वर वाढ झाली आणि कुणी काही केलंच नाही! हे ट्रान्सलेशन एक्सपोजर. पैसा हलत नाही, फक्त दोन ताळेबंद जोडताना आकडा बदलतो, आणि तो नफ्यात न जाता वेगळ्या राखीव खात्यात बसतो. मामानं एका वर्षी याच आकड्याला घाबरून फॉरवर्ड घेतला होता. उलटं झालं, कागदावरचं नुकसान झाकायला खरा पैसा गेला. इथं दोनच गोष्टी बघा: कर्जाच्या कागदात निव्वळ संपत्तीची अट आहे का, आणि दुबईहून यंदा लाभांश आणायचाय का. लाभांश जाहीर झाला की तो आकडा उठून पहिल्या फाईलमध्ये जातो.

तिसऱ्याची फाईलच नसते, म्हणून तिकडं कुणी बघत नाही. मोंढ्यातले आमचे शेजारी व्यापारी म्हणतात, आम्ही रुपयात विकतो, आम्हाला डॉलरशी काय करायचं. पण ते विकतात कुणाला? मुंबईच्या एक्स्पोर्टरला, आणि त्याला रुपये कमी मिळाले की तो यांचाच भाव पाडतो. आमचं गणित असं की 87.50ला टनाला 2000 डॉलर म्हणजे किलोला 175 रुपये, 84ला तेच 175 हवेत तर 2083 मागावे लागतात. दुबईचा गिऱ्हाईक म्हणतो व्हिएतनामचा माल 2000नं मिळतोय. अजून ऑर्डरच नाही तर फॉरवर्ड कशावर घेणार, आणि धंदा तर चाललाच. हे इकॉनॉमिक एक्सपोजर.

यासाठी कोरा कागद घ्या, गिऱ्हाईकांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढं लिहा की आपण चार टक्के भाव वाढवला तर हा थांबेल की जाईल. आमच्याकडं अकरातले सात जाणारे निघाले, मामा गप्पच झाला. मग भावाची मुदत पंधरा दिवसांवरून तीनवर आणली, हंगामात एकदम माल भरायचं थांबवलं, आणि जहाजाचं भाडं डॉलर खात्यातूनच द्यायला लागलो, म्हणजे तेवढे डॉलर रुपयात फिरवायची भानगड नाही. मात्र त्या ईईएफसी खात्यात डॉलर साठवून रेटची वाट बघता येत नाही, आलेल्या महिन्याच्या पुढच्या महिनाअखेरपर्यंत वापरा नाहीतर रुपये करा असा नियम आहे.

एवढं काढून ठेवलं की सीएकडं जा. आम्ही सोमवारी जातोय, मामानं अजून एप्रिलच्या दोन ऑर्डरचा भाव दिल्याचा दिवस शोधून दिलेला नाही, म्हणतो व्हॉट्सअ‍ॅपवर असंल कुठंतरी.