बाकी मागायची, पण गोडीत: केटरिंगच्या ऑफिसात नव्याने बसणाऱ्यांसाठी

कार्याच्या आठवड्यात यजमानांना बाकीच्या पैशांचा मेसेज पाठवणं हे केटरिंगच्या ऑफिसात नव्याने आलेल्याला पहिल्या महिन्यातच करावं लागतं. त्यात दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे, 'सर, उद्यापर्यंत पेमेंट क्लिअर करा, नाहीतर पुढची तयारी होणार नाही.' दुसरी म्हणजे, 'काका, बाकीचं जरा बघा ना, जमेल तसं.' पहिलीने माणूस दुखावतो. दुसरीने तो अजिबात दुखावत नाही आणि पैसेही येत नाहीत. नवखे सहसा पहिल्या चुकीला घाबरून दुसरी करतात.

मऊपणा आणायचा तो आजूबाजूच्या वाक्यांत. आकडा आणि तारीख मात्र कडकच ठेवायची. 'साधारण अठ्ठ्याहत्तर हजार' असं लिहिलंत तर समोरून पंच्याहत्तर येतात आणि वरचे दोन-तीन हजार कार्यानंतर मागायची लाज तुमच्याच गळ्यात पडते.

एक हिशेब घेऊ. रविवारी २६ एप्रिलला मुंज आहे. जेवणाची २५० पानं, पानाला ४२० रुपये, म्हणजे १,०५,००० रुपये. सकाळच्या नाश्त्याच्या ८० प्लेट, ९० रुपयांप्रमाणे ७,२००. बेरीज १,१२,२००. त्यावर पाच टक्के जीएसटी ५,६१०, म्हणून एकूण १,१७,८१०. यजमानांनी ५ मार्चला ४०,००० ॲडव्हान्स दिलाय. बाकी ७७,८१०.

मेसेज लिहिण्याआधी बुकिंगचं कोटेशन उघडून बघा. दर 'करासह' लिहिलाय की 'कर वेगळा', यावरच निम्मे वाद होतात. कर वेगळा असं तेव्हा लिहिलं नसेल, तर हे ५,६१० यजमानांना आजच पहिल्यांदा दिसणार. अशा वेळी मेसेज नको, आधी फोन. नाश्ताही असाच. मुंजीला तो बऱ्याचदा मागाहून, फोनवर ठरतो आणि कोटेशनमध्ये नसतोच.

आता शेवटची तारीख. ती तुमच्या खरेदीवरून उलटी मोजायची. रविवारचं कार्य असेल तर किराणा आणि श्रीखंडाचा चक्का शुक्रवारी उचलायचा, भाजी शनिवारी पहाटे मार्केटमधून. म्हणजे पैसे गुरुवारी संध्याकाळी हातात हवेत. शुक्रवार सकाळ ही अगदी काठावरची तारीख होते. ज्यांनी नेट बँकिंगमध्ये तुमचं खातं नव्यानेच जोडलंय, त्यांना बऱ्याच बँका पहिले काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. त्या एका दिवसाची सवड तुमच्या तारखेत असली पाहिजे. चेक देणार असतील तर तो सोमवारीच मागा. तारीख ठरण्याचं हे कारण मेसेजमध्ये एका ओळीत लिहिलं की मागणी आपोआप मऊ होते, कारण घाई तुमची नसते, कार्याची असते. फक्त कारण खरं द्या. 'आचारी पैशांसाठी अडून बसलाय' वगैरे रचून सांगितलं, तर यजमान रविवारी त्याच आचाऱ्याला विचारतात.

तारीख लिहिताना आपल्या भाषेतले काही शब्द फसवे आहेत. 'परवा' म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. मेसेज दोन दिवसांनी उघडला तर तो भलतीकडेच जातो. '२३ च्या आत' म्हटलं की तेवीस तारीख धरायची की नाही, हे ज्याचं तो ठरवतो. 'कार्याच्या आधी' म्हणजे तर काहींच्या हिशेबी अक्षता पडायच्या आधी. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहा.

शब्दांचंही तसंच. मुदत टळलेली नसताना 'थकबाकी' किंवा 'थकीत' लिहिलं की ज्याने काहीच चुकवलेलं नाही तो देणेकरी ठरतो. 'बाकी' किंवा 'उरलेली रक्कम' पुरे. 'आठवण करून देतो' यातही 'तुम्ही विसरलात' असा वास येतो, त्यापेक्षा 'हिशेब पाठवतो' बरं. आणि 'पाठवाल का?' असा प्रश्न टाकू नका, त्याला 'बघतो' हे उत्तर तयारच असतं. 'पाठवावी ही विनंती' हे जरा सरकारी वाटेल, पण त्यात मान आहे आणि पळवाट नाही.

सोमवारी २० तारखेला, पानांचा शेवटचा आकडा आला की सकाळी अकराच्या सुमाराला हा मेसेज जावा:

'नमस्कार काका. रविवार २६ एप्रिलच्या मुंजीची तयारी व्यवस्थित चालू आहे. आपण सांगितल्याप्रमाणे जेवणाची २५० पानं आणि नाश्त्याच्या ८० प्लेट धरल्या आहेत.

हिशेब पाठवतो: जीएसटीसह एकूण १,१७,८१० रुपये. ५ मार्चला मिळालेले ४०,००० वजा जाता बाकी ७७,८१० रुपये.

ही रक्कम गुरुवार २३ एप्रिल, संध्याकाळी ६ पर्यंत पाठवावी ही विनंती. शुक्रवारी सकाळी किराणा आणि चक्का उचलायचा आहे. ॲडव्हान्स पाठवला होता त्याच खात्यावर चालेल. ऐन वेळी पानं वाढली तर त्यांचा हिशेब कार्यानंतर वेगळा करू.'

सुरुवात तयारीने होते, कारण त्या आठवड्यात यजमानांना धास्ती जेवणाची असते, तुमच्या पैशांची नव्हे. शेवटची ओळही गाळू नका. ती नसेल तर 'पानं अजून नक्की नाहीत, एकदमच देतो' म्हणून सगळीच बाकी रविवारवर ढकलली जाते. आणि रविवारी ते काका सोवळ्यात होमापाशी बसलेले असतात, त्यांच्याकडे पैसे मागायला कोण जाणार?

मेसेज कोणाला, हेही बघा. बुकिंग मामांनी केलेलं असतं, मेनू आजी ठरवतात, पैसे मुलाचे वडील देतात. ॲडव्हान्स ज्यांच्याकडून आला त्यांनाच, एकट्यांना पाठवा. मेनूसाठी केलेल्या घरच्या ग्रुपवर बाकीचा आकडा टाकला तर शब्द कितीही गोड असोत, चार पाहुण्यांसमोर उणं काढल्यासारखंच होतं.

रोख देतो म्हणाले तर एक हद्द लक्षात ठेवा. एकाच समारंभासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही आणि हप्ते पाडले तरी ते एकत्रच मोजतात. या मुंजीला तो प्रश्न येत नाही, मोठ्या लग्नात येतो.

बुधवारी संध्याकाळपर्यंत काहीच हललं नाही तर दुसरा मेसेज, पण पहिलाच पुन्हा चिकटवू नका. 'काका, उद्या गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत ७७,८१० रुपये पाठवायचे आहेत. पाठवताना काही अडचण येत असेल तर फोन करा, मार्ग काढू.' एवढंच. गुरुवारी सहा वाजून गेले तर लिहिणं थांबवा आणि फोन करा. तिथे धमकी नको, कामाचा क्रम सांगा: 'चक्क्याची ऑर्डर उद्या सकाळी नक्की करायची आहे, आज किती पाठवता येतील?' अर्धे आज आणि अर्धे शुक्रवारी म्हणाले तर चालवून घ्या, पण दोन्ही आकडे आणि दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर लगेच मेसेजमध्ये लिहा. फोनवरचं 'हो हो' दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवतं.

पैसे आले की पहिल्या तासाभरात उत्तर जायला हवं: '७७,८१० रुपये मिळाले. आता बाकी काही नाही. रविवारी पहाटे पाचला आमची माणसं हॉलवर येतील, हॉलची किल्ली कोणाकडे आहे ते कळवा.'