पावसाळ्यात बुरा चढलेली कॅनव्हासची पिशवी कशी धुवावी आणि कशी वाळवावी

जाड सुती कॅनव्हासची, म्हणजे डक कापडाची पिशवी जून ते सप्टेंबरात कपाटात ठेवली, की अनेकदा कुबट वास आणि करडे-काळे ठिपके घेऊनच बाहेर निघते. ती धुणं अवघड नाही, वाळवणं अवघड आहे. बऱ्याच पिशव्या धुतल्यानंतरच जास्त बुरसटतात. त्यामुळे आधी वाळवायची सोय पाहावी, मगच पाण्यात हात घालावा.

हे कापड असं का वागतं, ते त्याच्या विणीत आहे. साध्या कॅनव्हासपेक्षा डकची वीण जास्त घट्ट असते. नेहमीच्या प्रकारात दोन उभे धागे शेजारी-शेजारी जोडीने जातात आणि त्यांना एक जाड आडवा धागा गुंफतो. वारा सहज आरपार जात नाही, म्हणून जॅकेटला हे कापड उत्तम. पण त्याच कारणाने आत शिरलेलं पाणीही सहज बाहेर पडत नाही. सूत भिजलं की फुगतं, विणीतली उरलीसुरली भोकं बुजतात आणि कापड आणखी गच्च होतं. शिवाय विणताना उभ्या धाग्यांना खळ लावतात. नव्या पिशवीचा ताठरपणा थोडा विणीचा, थोडा या खळीचा. खळ पिष्टाची असेल तर बुरशीला ती आयतं खाद्य ठरते. म्हणूनच कोरी, एकदाही न धुतलेली पिशवीही कपाटात बुरसटू शकते.

पाण्यात घालण्याआधी

बाहेरच्या कापडावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मुरले तर कापड साधं आहे. मोत्यासारखे वर उभे राहिले आणि कापड हाताला किंचित चिकट, मेणचट लागलं, तर ते मेण लावलेलं आहे. त्याला पुढची धुण्याची कृती चालत नाही, त्याचं शेवटी सांगितलं आहे. आतली बाजू प्लास्टिकसारखी चकचकीत असेल तर तिला लेप आहे. जुना लेप ओलाव्याने चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो. तो सुटू लागला असेल तर पिशवी न भिजवता ओल्या फडक्याने पुसणंच बरं.

रंगीत पिशवी असेल तर आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ती एकटीच, गार पाण्यात धुवायची. चामड्याचे पट्टे सुटे होत असतील तर काढून ठेवा. तळाशी पुठ्ठा असेल तर तो काढाच. भिजलेला पुठ्ठा आठवडाभर ओल धरून ठेवतो.

आता एक काम करा, जे सहसा कुणी करत नाही: पिशवीचं वजन करून लिहून ठेवा. त्याचा उपयोग वाळवताना आहे.

बुरा काढणं आणि धुणं

आधी सुका बुरा काढा, तोही घराबाहेर, नाकाला मास्क लावून. पिशवी उलटी करून कोपरे झटका आणि कोरड्या ब्रशने विणीच्या दिशेने घासा. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर भुकटी धाग्यांच्या मध्ये दाबली जाते.

उरलेल्या ठिपक्यांवर साधा पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून लावा आणि अर्धा तास थांबा. पितळी कड्या आणि चामडं यापासून तो दूर ठेवा. व्हिनेगरने वास कमी होतो आणि वरवरची बुरशी आटोक्यात येते, पण काळे डाग जात नाहीत. डाग म्हणजे धाग्यात उतरलेला बुरशीचा रंग.

व्हिनेगर पूर्ण धुऊन काढल्यावर बादलीत दहा लिटर गार पाणी घ्या, त्यात दोन टेबलचमचे सौम्य द्रव साबण घाला आणि पिशवी वीस-तीस मिनिटं भिजवा. रात्रभर नको. नंतर मऊ ब्रशने, बंदांच्या मुळाशी आणि तळाच्या शिवणीवर जरा जास्त वेळ देऊन घासा. मशीनमध्ये पिळली किंवा हाताने मुरगळली तर जिथे घडी पडते तिथला रंग घासला जाऊन कायमच्या पांढुरक्या रेघा उमटतात. कापड ताठर असल्याने घडी त्याच त्याच जागी पडते. खळबळताना तीन वेळा पाणी बदला. साबण उरला तर वाळल्यावर कडांना पिवळसर वलयं दिसतात.

काळे डाग तरीही राहिले तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर कोमट पाण्यात, पाकिटावरच्या प्रमाणात वापरा. रंगीत कापडावर आधी आतल्या कोपऱ्यात तपासून. बाथरूमसाठी मिळणारं क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. ते रंग उडवतं आणि सूत कमजोर करतं. व्हिनेगरबरोबर तर ते कधीच एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

डाग असलेली जागा दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा. धागे तटातट तुटले तर बुरशीने सूतच खाल्लं आहे. तिथे धुण्याने काही होणार नाही, आतून ठिगळ लावावं लागेल.

वाळवणं

पिशवी ओली असतानाच हाताने ओढून आकारात आणा, शिवणी सरळ करा. सुताचं कापड पहिल्या धुण्यात आटतं, लांबीत जास्त. ओलं असताना ताणलं तर बरंच सावरतं. मग आतली बाजू बाहेर काढा, तोंड खाली करून टांगा आणि मध्ये हँगर घालून ती उघडी ठेवा. ऊन असेल तर उत्तम, फक्त रंगीत पिशवी सावलीत. पाऊस असेल तर पंख्याखाली, भिंतीपासून हातभर दूर.

सपाट भाग लवकर वाळतो आणि फसवतो. बंद जिथे शिवलेला असतो तिथे घड्या धरून कापडाचे सहा-आठ थर एकावर एक येतात. खरी ओल तिथे अडकते. समजा, सुकी पिशवी 450 ग्रॅम होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हाताला कोरडी लागते, पण काटा 490 दाखवतो. ते 40 ग्रॅम पाणी बंदांच्या मुळाशी आणि तळात आहे, आणि याच अवस्थेत पिशवी कपाटात गेली की पुन्हा वास येतो. काटा 460च्या आसपास येऊन स्थिरावला की झालं. दमट हवेत सूत थोडी ओल धरतंच, त्यामुळे अगदी 450ची वाट पाहू नका. काटा नसेल तर जाड शिवण गालाला लावा. गार लागली तर अजून ओली आहे.

धुतल्यावर खळ जाते आणि पिशवी मऊ पडते. पुन्हा कांजी लावून ती ताठ करण्याचा मोह टाळा, पुढच्या पावसाळ्यासाठी ते बुरशीला आमंत्रण आहे. किंचित दमट असताना उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवली की पुरेसा ताठरपणा येतो.

जॅकेट असेल तर

साध्या डकचं जॅकेट चेन-बटणं लावून, उलटं करून, गार पाण्यात आणि कमी फिरकीवर मशीनमध्ये चालतं. अस्तर असेल तर वाळायला दुप्पट वेळ धरा आणि खिसे बाहेर काढून ठेवा. मेण लावलेल्या जॅकेटला मात्र साबण, गरम पाणी आणि मशीन तिन्ही वर्ज्य, कारण त्याने मेण निघून जातं. त्यावरचा बुरा बाहेर नेऊन ब्रशने झाडा, गार पाण्याच्या स्पंजाने पुसा, नीट वाळवा, आणि जिथे पाण्याचे थेंब मुरू लागले असतील तेवढ्याच जागी नवं मेण लावा.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, सुती खोळ घाला आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, ओल त्या शोषत नाहीत. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पिशवी बाहेर काढून तासभर पंख्याखाली उघडी ठेवा.